दगडोबाच्या घरची पुडी

मलप्पांना एका गोष्टीचा फार गर्व होता. जळकोटच्या त्यांच्या मेडिकलवर कुणी नुसतं घराचं नाव घेतलं की त्यांचा हात आपोआप योग्य खणाकडं जायचा. आजूबाजूच्या सात-आठ गावांतली घरं त्यांना पाठ होती. कोणत्या घरात बीपी, कोणत्या घरात गुडघे, कोणत्या घरात पोट, सगळं डोक्यात. "चिठ्ठी वाचायचं कामच न्हाई," ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. "अहो, चेहरा बघायचंबी काम न्हाई!"

आता तुम्ही म्हणाल, हे काय मेडिकल चालवणं झालं? पण रोज अकरा-बारा किलोमीटरवरून पोटदुखीच्या एका गोळीसाठी कोण येणार? म्हणून त्या भागात एक रीत पडून गेली होती. तांबरवाडीचा वैजनाथ सकाळी जीपमधून दुधाची कॅनं घेऊन जळकोटला यायचा. निघताना गावातल्या बायका आपापल्या दारातून ओरडायच्या, तो विडीच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर दोन-दोन शब्द खरडायचा, आणि तो पुठ्ठा मलप्पांच्या काउंटरवर आपटायचा. साडेनऊला परत जाताना पुड्या घेऊन जायचा. पुठ्ठ्यावर आजाऱ्याचं नाव कधीच नसायचं. असायचं ते घरातल्या मोठ्या माणसाचं. घर दगडोबाचं, म्हणून पोटबी दगडोबाचं. इतकं सरळ.

या सरळ कारभारात खोडा घातला तो सुनेनं. अक्षरा औषधांचं शिकून, रीतसर परवाना घेऊन आलेली. दोन वर्षांपूर्वी मेडिकलचं लायसन तिच्या नावावर झालं आणि तिनं काउंटरवर बसून चौकशा सुरू केल्या. कुणाला होतंय? वय काय? कधीपासून? अजून काही होतंय का? आधी कुठली गोळी चालू आहे का? माणसं वैतागायची. मलप्पा तर उघड उघड चेष्टा करायचे. "आमची सूनबाई म्हंजी जनगणना खातं हाय. पुढच्या बारीला जातीचा दाखलाबी मागणार!" अक्षरा हसायची, पण प्रश्न सोडायची नाही. एवढंच की सकाळी घरचं आवरून ती दहाच्या सुमाराला यायची आणि वैजनाथ साडेनऊलाच निघून जायचा. त्यामुळं वैजनाथचा पुठ्ठा अजून मलप्पांच्याच ताब्यात होता.

श्रावणातली ती सकाळ. पाऊस थांबून नुसतं उकडत होतं. वैजनाथनं पुठ्ठा टाकला. तीन नावं होती. एकाला खोकला, एकाला अंगदुखी, आणि तिसरी ओळ: "दगडोबा - पोट." मलप्पांनी वाचली न वाचली तोवर हात खणात. पित्ताच्या चार गोळ्या, दुखण्याच्या चार. पुडी बांधली, वर पेनानं 'द' काढला, वैजनाथच्या हाती दिली. नऊ वर्षं हीच पुडी जात होती, महिन्यातून दोनदा तरी. जीप धूर सोडत निघून गेली.

त्या दिवशी अक्षरा थोडी लवकर आली. पुठ्ठा अजून काउंटरवर पडलेला. तिनं सहज उचलला, वाचला आणि म्हणाली, "मामा, दगडोबा आजोबा तर लातूरला हायत ना?"

"हाव, मोतीबिंदूला गेलाय," मलप्पा पेपर उघडत म्हणाले. "काल सांजच्याला स्टँडवर मीच तर चहा पाजला. पोरगा-सून बी सोबतीला गेले."

"मग पोट कुणाचं दुखायलंय?"

मलप्पांनी पेपर खाली ठेवला. अगदी हळू ठेवला. काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं ज्याला एसटीत बसवलं, 'डोळे नीट करून ये' म्हणून ज्याच्या पाठीवर थाप मारली, त्याच माणसाच्या पोटाला आज सकाळी त्यांनी औषध पाठवलं होतं. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं.

"असंल घरातलं कुणीतरी," ते म्हणाले. "पित्ताचीच गोळी हाय. काय होतंय त्यानं?"

"घरात आता आज्जी आणि तनुजा. तनुजा नऊ वर्षांची हाय, मामा. मोठ्या माणसाची दुखण्याची गोळी तिला देतील. आणि दुखायलंय कशानं, हे तर कुणालाच म्हाईत न्हाई."

तिनं वैजनाथला फोन लावला. वाटेत एकदा रेंज गेली की दोन मैल फोन लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. लागला नाही. दगडोबाच्या घरचा एकुलता एक फोन दगडोबाच्या खिशात, लातूरला. मग तिनं अंबिकाला लावला. अंबिका तांबरवाडीची आशाताई. घरोघर जाऊन बाळंतिणी, लसी, ताप-खोकला बघणारी, पायाला भिंगरी लावल्यासारखी बाई.

"अंबिका, दगडोबांच्या घरी जा. आत्ता जा. पोट कुणाचं दुखतंय ते बघ आणि तिथूनच बोल. फोन बंद करू नको."

अंबिका धावली. तिचा श्वास फोनमधून ऐकू येत होता. अक्षरानं आवाज मोठा करून फोन काउंटरवर ठेवला होता. समोर मलप्पा उभे, हात बांधून, थोडे रागावलेले. एवढ्याशा पोटदुखीचा एवढा तमाशा! दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक, ते बी कान टवकारून थांबलं.

"तनुजा हाय," अंबिकाचा आवाज आला. "अंथरुणावर पडलीय. आज्जी म्हणतीय पहाटं पाच वाजता पोट दुखतंय म्हणून उठली. दोनदा वकली."

"ताप?"

"न्हाई. अंग गार हाय."

"जुलाब?"

"न्हाई म्हणतीय आज्जी. आता दुखणं कमी झालंय वाटतं, झोपून राहिलीय."

"हं, बघ," मलप्पा म्हणाले. "झोपली म्हंजी बरं वाटलं."

अक्षरानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "अंबिका, तिला हाक मार. उठव. डोळे उघडायला लाव."

थोडा वेळ नुसती खडखड. मग अंबिकाचा आवाज बदलला. "अक्षराताई, ही ऐकायलीय. हूं म्हणतीय. पण डोळे उघडंनात. पापण्या वर जाईनात बघ हिच्या! मी बोटानं उचलल्या तर मला बघायलीय. बोलणं बी कसंतरीच हाय, तोंडात काही धरल्यावानी. आणि मान... मान धरंना. आई गं! थुंकी गिळंना ही!"

अक्षराचा चेहरा पांढराफटक पडला होता. मलप्पांनी तिला असं कधीच पाहिलं नव्हतं.

"रात्री कुठं झोपली होती?"

"ओसरीत. खाली फरशीवर. लई उकडायलं म्हणून."

"अंबिका, नीट ऐक," अक्षरा म्हणाली. शब्द एकेक सुटा. "मी डॉक्टर न्हाई. पण ही पोटदुखी न्हाई. मण्यार चावली असंल. त्या सापाचं चावलेलं दुखत न्हाई, सुजत न्हाई, खूण बी दिसत न्हाई बऱ्याचदा. पहाटं पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास जातो. खूण शोधत बसू नको. तोंडानं काही देऊ नको, गोळी न्हाई, पाणी न्हाई. बांधू नको, चिरू नको, कुणाकडं उतरवायला नेऊ नको. कुशीवर झोपव आणि घेऊन निघ. वैजनाथ दहा मिनटात पोचंल, त्याच्याच जीपमधी घाल."

तिनं दुसऱ्या फोनवरून एकशे आठला लावलं. जवळची गाडी उदगीरला गेलेली, पाऊण तास लागेल म्हणाले. "वैजनाथच बरा," ती पुटपुटली आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टर दयानंदांना फोन करून सांगितलं, नऊ वर्षांची मुलगी, पाच वाजल्यापासून, पापण्या पडल्यात, गिळता येत नाही. इतकं नेमकं सांगितलं की पलीकडून एकच प्रश्न आला: किती वेळात पोचेल?

मलप्पा काउंटरला धरून उभे होते. त्यांच्या मनात एकच गोष्ट घुमत होती, आणि ती फार साधी होती. पुडी वैजनाथच्या खिशात आहे. तो पोचणार, दारातून 'घ्या गोळी' म्हणून देणार. एरवी कुणी काय केलं असतं? पोरीचं तोंड उघडून, पाण्यासोबत गोळी आत ढकलली असती. जिला थुंकी गिळता येत नाही तिला. ठसका लागून तिथंच गेली असती, नाहीतर झोपलीय म्हणून दुपारपर्यंत झोपू दिली असती. आणि वर 'द' काढलेला होता. त्यांच्याच अक्षरात.

"मामा, मी दवाखान्यात चालले. दुकान बघा."

"दुकान मसणात जाऊ दे," मलप्पा म्हणाले आणि शटर ओढलं.

दहा वीसला जीप आली. वैजनाथनं ती दवाखान्याच्या पायरीवरच चढवली जवळजवळ. अंबिका मागं बसलेली, पोरगी तिच्या मांडीवर कुशीवर, ओठ निळसर. तिच्या पाठोपाठ गुणाबाई उतरल्या, दगडोबाची बायको, डोक्यावरचा पदर दातात धरून. डॉक्टर दयानंद दारातच उभे होते. पोरीला आत नेलं. तोंडावर मास्क धरून पिशवी दाबून श्वास द्यायला लागले. सलाईनमधून सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं. दाराच्या फटीतून मलप्पांना नर्सचा पिशवी दाबणारा हात तेवढा दिसत होता. एक, दोन, सोड. एक, दोन, सोड. पोरीचा जीव त्या हातात होता आणि हात थांबत नव्हता.

अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. घामानं भिजलेले. "नळी घातलीय. श्वास आपण देतोय, तोवर विष उतरेल. व्हेंटिलेटरसाठी लातूरला न्यावं लागेल. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं." मग अक्षराकडं वळून म्हणाले, "फोनवर सगळं सांगितलंत ते बरं केलंत. औषध काढून तयार ठेवलं होतं."

अक्षरा तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मलप्पांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला. दोन वर्षं आपण हिची टर उडवली, भर दुकानात, माणसांसमोर. लाज वाटली त्यांना, भयंकर लाज वाटली.

गुणाबाई बाकड्यावर बसल्या होत्या. एकट्याच. सगळी माणसं पोरीच्या दाराशी. मलप्पांना वाटलं, म्हातारी घाबरलीय, दोन घोट पाणी तरी पाजावं. त्यांनी तांब्या भरून आणला.

"घ्या वहिनी. वाचली तुमची नात. देवानं ऐकलं."

गुणाबाईंनी मान हलवली आणि तांब्या तोंडाला लावला. एक घोट घेतला. आणि ते पाणी नाकातून परत आलं.

त्यांनी पदरानं नाक पुसलं, खोकल्या, जणू काही झालंच नाही, आणि पुन्हा तांब्या उचलला. पुन्हा नाकातून पाणी. तेव्हा मलप्पांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. नऊ वर्षं त्या घरात औषध पाठवणाऱ्या माणसानं त्या घरच्या बाईचं तोंड पहिल्यांदा बघितलं. पदर दातात नव्हताच धरलेला, ओठांत नुसता लोंबत होता. डोळे अर्धे मिटलेले, आणि बघायचं म्हणून ती बाई मान मागं टाकून पापण्यांच्या खालून बघत होती.

मलप्पांनी त्यांच्या हातातला तांब्या ओढून घेतला.

"डॉक्टर!" ते असे ओरडले की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "अहो डॉक्टर! हिलाबी! हिलाबी चावलंय!"

पुढचं सगळं भराभर झालं. गुणाबाईंना उचलून आत नेलं. एकाच फरशीवर, एकाच अंथरुणावर दोघी झोपलेल्या, आणि सगळ्यांनी, अक्षरानं, अंबिकानं, डॉक्टरनं, एकीचंच विचारलं होतं. अक्षरा सुन्न झाली होती. "मी इचारलं न्हाई," ती सारखी म्हणत होती. "शेजारी कोण झोपलं होतं, मी इचारलंच न्हाई."

डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले. "यांचं वय?"

मलप्पांनी अक्षराकडं बघितलं.

"शुगर, बीपी? किडनीचं काही? कुठल्या गोळ्या चालू? तुम्हीच औषध देता ना त्यांच्या घरी?"

"दगडोबाला देतो," मलप्पा म्हणाले. "बाईचं मला... बाईला तर कधी काय नसतंय."

"फोन लावा घरच्यांना."

मलप्पांनी दगडोबाला लावला. तिकडं डोळ्याला पट्टी बांधून तो खाटेवर पडलेला. काय झालं ते ऐकल्यावर आधी त्यानं 'पोरगी कशी हाय' एवढंच विचारलं. मग वय विचारलं तर म्हणाला, "कुणाचं? तिचं? असंल की साठ. न्हाईतर पासष्ट. तुला ठाव न्हाई का?"

"आणि दगडोबा, तुझ्या त्या पित्ताच्या गोळ्या..."

"माझ्या कुठल्या?" दगडोबाचा आवाज बारीक झाला. "मी कवा गोळ्या खाल्ल्या रे मलप्पा? मला काय झालंय पोटाला? त्या तीच खाती. तिचं दुखतंय. तू धाडतोस म्हणून खाती."

मलप्पा खाली बसले. बाकड्यावर नाही, जमिनीवरच. महिन्यातून दोनदा, नऊ वर्षं. दुखण्याच्या गोळ्या, बीपी आहे का ठाऊक नाही, वय ठाऊक नाही, दुखतं कुठं, किती, कशानं, काही ठाऊक नाही. एका बाईला, जी त्यांच्या मेडिकलची पायरी कधी चढली नव्हती. देवा महादेवा, हे मी काय केलं, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

पण कागद कोरा राहून चालणार नव्हतं. ते उठले, डॉक्टरांना जे होतं ते सांगितलं. वय साठच्या पुढं. या या गोळ्या, इतकी वर्षं, माझ्याच हातच्या. एक अक्षर लपवलं नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि त्यांच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"दुखायला कधी लागलं यांना?" त्यांनी विचारलं.

हे मात्र कुणालाच सांगता येईना. अंबिकानं आत जाऊन गुणाबाईंच्या कानाशी विचारलं. जीभ वळत नव्हती, तेव्हा गुणाबाईंनी हात वर केला. चार बोटं. पहाटेचे चार. पोरीच्या आधी एक तास. आज्जीचं अंग मोठं, विष हळू चढलं असेल, डॉक्टर म्हणाले. म्हणजे पाच वाजता पोरगी रडत उठली तेव्हा आज्जी तासभर पोट धरून बसली होती. त्याच पोटानं तिनं पोरीची उलटी पुसली, वैजनाथला दारातून हाक मारली, आणि पोरीला उचलून जीपमध्ये घातलं.

दोघींना एकाच गाडीतून लातूरला नेलं. मलप्पा मागोमाग गेले, कुणी सांगितलं नसताना. तनुजाची नळी चौथ्या दिवशी निघाली. पाचव्या दिवशी तिनं बिस्किट मागितलं तेव्हा वॉर्डातल्या परक्या बायकाही रडल्या. गुणाबाईंना जास्त दिवस लागले. तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं की किडनीवर जुना भार दिसतो, वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्यात का? मलप्पांनी मान खाली घातली आणि हो म्हणाले. दगडोबा शेजारीच उभा होता. त्यानंही मान खाली घातली.

नवव्या दिवशी गुणाबाई उशीला टेकून बसल्या. आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट. मलप्पा भेटायला गेले. खाटेशेजारी स्टुलावर टेकले. मग राग आला, कुणावर ते त्यांनाच कळलं नाही, आणि ते एकदम बोलून गेले.

"वहिनी, चार वाजल्यापासून दुखत होतं, मग बोलला का न्हाईत हो? अंबिका दारात आली, जीपमधी अर्धा तास होती, दवाखान्यात डॉक्टर समोर उभा. एक शब्द का न्हाई बोललात?"

गुणाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. रागावल्या नव्हत्या. खरंच नवल वाटल्यासारखं बघितलं.

"मला कुणी इचारलं का, भावजी?"